डब्यावरचे चौरस फूट आणि खोलीतली हवा

सेनगाव तालुक्यात दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची मळणी सुरू झाली की धूळ म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मळणीयंत्राच्या तोंडाशी दिवसभर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी चटकन ओळखू येत नाही. पण ती धूळ डोळ्यांना दिसते, अंगाला खाजते, शिंका आणते आणि बरीचशी खळ्यातच खाली बसते. पुण्यात पुनावळे-ताथवड्याकडे जी हवा असते तिची गंमत वेगळी. रस्त्यावरची जाड धूळ तिथेही आहेच, शेजारी टॉवरची कामं चालली असतात, सिमेंटच्या गाड्या जातात. पण छातीला खरी बाधते ती वाहनांच्या धुरातली आणि जाळलेल्या कचऱ्यातली अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ, म्हणजे पीएम २.५. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा भाग. ती दिसत नाही, खाजत नाही आणि तासन् तास खालीही बसत नाही.

माझा भाचा त्या भागात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. हिवाळ्यात ताई आणि दाजी गावाहून नातवाकडे जाऊन राहतात आणि दाजींना दमा आहे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मामा घरात असला की असल्या खरेदीआधी त्याला फोन येणारच. "मामा, एअर प्युरिफायर घेतोय. सहा हजारांचा आहे, डब्यावर ४०० स्क्वेअर फूट लिहिलंय. आपला बेडरूम तर ११० चा. जवळजवळ चार पट झाला की!" त्याचा हिशोब ऐकायला बिनचूक होता. घोटाळा डब्यावरच्या आकड्यात होता.

प्युरिफायर म्हणजे एक पंखा आणि एक फिल्टर, बाकी सगळी सजावट. पंखा खोलीतली हवा ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि परत खोलीतच सोडतो. तासाभरात यंत्र किती घनमीटर स्वच्छ हवा खोलीत सोडतं, त्या आकड्याला सीएडीआर म्हणतात. खरेदी करताना बघायचा आकडा तो. चौरस फुटांचा आकडा त्याच्यावरूनच काढलेला असतो, पण काढताना तासाला हवा किती वेळा गाळली जाईल हे कंपनी आपल्या सोयीने धरते. तासातून पाचऐवजी दोनदा गाळली तरी चालेल असं धरलं की तेच यंत्र कागदावर अडीच पट मोठ्या खोलीचं होतं. आपल्या खोलीची उंची कुणी विचारतच नाही.

अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेचा साधा नियम तासाला सुमारे पाच वेळा हवा गाळली जावी असा आहे, आणि तोही आठ फूट उंचीचं छत धरून. चीनच्या मानकात सीएडीआरला ०.०७ ते ०.१२ ने गुणून खोली किती चौरस मीटरची चालेल ते काढतात. एकाच यंत्राला दोन टोकांचे दोन आकडे मिळतात, आणि डब्यावर कुठला छापायचा हे कुणी सांगायला नको. दम्याच्या माणसासाठी मी पाच वेळा हेच माप धरतो.

भाच्याच्या बेडरूमचं माप ११ फूट बाय १०, उंची साडेनऊ. म्हणजे १०४५ घनफूट. त्याला ३५ ने भागलं की घनमीटर मिळतात, सुमारे ३०. पाच पट केले की दीडशे. त्या खोलीला ताशी १५० घनमीटर स्वच्छ हवा हवी, बस. आता डब्यावरचं ४०० चौरस फूट तपासू. त्या यंत्राचा सीएडीआर होता १७०. साडेनऊ फूट उंचीची ४०० चौरस फुटांची खोली म्हणजे जवळजवळ १०८ घनमीटर. तिथे हे यंत्र तासातून दीड वेळाच काय ती हवा गाळणार. आणि हॉल, डायनिंग, उघडं किचन एकत्र धरलं तर भाच्याकडचीच ती जागा ७५ घनमीटरच्या पुढे जाते. तिथे पावणेचारशेच्या खालचं यंत्र म्हणजे नुसता घरघरणारा पंखा.

"मग बेडरूमला १७० पुरेल की, दीडशेच तर हवेत." हेही बरोबर वाटतं. पण १७० हा आकडा सर्वात जास्त वेगावरचा. त्या वेगावर यंत्र पन्नास-साठ डेसिबल आवाज करतं, म्हणजे शेजारी कुणीतरी अखंड बोलत बसल्यासारखं. रात्री दहाला यंत्र लावलं की साडेदहाला कुणीतरी उठून बटण दाबतं आणि ते स्लीप मोडवर जातं. तिथे हवा साठ घनमीटरवर आली तर तासाला दोनच वेळा गाळली जाते, म्हणजे रात्रभर दाजींना मिळते ती निम्म्याहून कमी सोय. म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो: ज्या वेगावर घरातला सर्वात कच्च्या झोपेचा माणूस झोपू शकतो, त्या वेगावरचा सीएडीआर खोलीला पुरला पाहिजे. बहुतेक कंपन्या तो आकडा छापत नाहीत. त्यामुळे लहान यंत्र फुल्लवर चालवण्यापेक्षा दुप्पट ताकदीचं मधल्या वेगावर चालवणं शहाणपणाचं. भाच्याने शेवटी ३५० चं घेतलं.

आता फिल्टर. दुकानातला मुलगा हमखास एच-१३, एच-१४, ९९.९७ टक्के हे सगळं एका दमात म्हणतो. हेपा फिल्टर चाळणीसारखा चालतो असा पहिला गैरसमज. भोकांपेक्षा मोठा कण अडकतो आणि लहान निसटतो, एवढं ते सोपं नाही. बारीक तंतूंची जाड गादी असते. मोठे कण वळणावर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आपटतात. अतिबारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा हिंडतात आणि तेही तंतूला चिकटतात. अडचण मधल्या मापाची, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या कणांची. ते ना पुरेसे जड, ना पुरेसे भटके. म्हणून फिल्टरची परीक्षा त्याच मापावर घेतात. युरोपीय मानकात एच-१३ ने सर्वात निसटत्या कणांतले ९९.९५ टक्के पकडले पाहिजेत.

पण घरातल्या वापरात ९५ आणि ९९.९५ मधला फरक फारसा मोजायच्या लायकीचा नसतो. ऑपरेशन थिएटरची गोष्ट वेगळी, तिथे आत येणारी हवा पहिल्या फेरीतच पुरती गाळलेली लागते. इथे तीच हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून जाते. तासाला २०० घनमीटर हवा ९९.९५ टक्के गाळली तर स्वच्छ हवा २००. तासाला २१५ घनमीटर ९५ टक्के गाळली तर २०४. दुसरं यंत्र कणभर सरसच. जाड फिल्टर म्हणजे पंख्याला जास्त अडथळा, जास्त आवाज, जास्त वीज. म्हणून एच-१४ च्या नावाने दोन हजार जास्त मागितले तर सरळ सीएडीआर विचारावा. "हेपा टाइप", "हेपासारखा" असं लिहिलेलं असलं तर मात्र यंत्र तिथेच सोडावं, कारण त्या शब्दांमागे कुठलंही मानक नसतं.

फिल्टर किती चांगला यापेक्षा तो यंत्रात किती घट्ट बसतो याला जास्त किंमत आहे. फिल्टरच्या कडेला फोमची किंवा रबरी पट्टी असते. ती दबली नसली तर हवा फिल्टरला वळसा घालून निघते, हवा नेहमी सोपी वाट धरते. बाहेरच्या बाजारात मिळणारे स्वस्त फिल्टर बहुधा इथेच मार खातात. आणि एक गोष्ट इतकी वेळा घडते की सांगितलीच पाहिजे: नव्या यंत्रात फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो आणि लोक तो तसाच महिनोन् महिने चालवतात. मागचं झाकण उघडून पिशवी काढली का, हे पहिल्या दिवशी बघायचं.

हेपाच्या पुढेमागे कोळशाचा थर असतो, अ‍ॅक्टिवेटेड कार्बनचा. वास आणि काही वायू तो शोषतो, धुळीशी त्याचा संबंध नाही. स्वस्त यंत्रांत जाळीवर शिंपडलेली चिमूटभर काळी भुकटी असते. ती पहिल्या काही आठवड्यांत भरते. नव्या फर्निचरचा, प्लायवूडचा वास खरोखर घालवायचा असेल तर शेकडो ग्रॅम कोळशाच्या गोळ्या असलेला थर लागतो. आणि गॅस शेगडीतून येणारा कार्बन मोनॉक्साइड किंवा माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तर कुठलाच कोळसा घरगुती यंत्रात काढत नाही. आयोनायझरचं बटण असलं तर बंदच ठेवावं. त्याने कण भारित होऊन भिंतीला, पडद्याला चिकटतात आणि काही यंत्रांत ओझोन तयार होतो. दम्याच्या माणसाला ओझोन नको. कॅलिफोर्नियात म्हणूनच विक्रीतल्या यंत्रांना ओझोनची कायद्याने मर्यादा घातली आहे.

यंत्र आणल्यावर ते खरंच काम करतंय का, हे त्याच्या पुढच्या निळ्या-हिरव्या दिव्यावर सोपवू नये. सेन्सर यंत्रातच असतो, यंत्राने नुकतीच साफ केलेली हवा तोच आधी चाखतो. त्यामुळे यंत्राजवळ "उत्तम" आणि पलंगाच्या उशाशी वेगळंच असं होतं. धुळीने सेन्सरचं भिंग झाकलं की तो आकडेही भलतेच देतो. पीएम २.५ मोजणारं हातातलं साधं यंत्र दोन-चार हजारांत मिळतं. सोसायटीत कुणाकडे तरी असतंच, एका रात्रीपुरतं मागून आणावं.

भाच्याकडे आम्ही असं केलं. बेडरूमचं दार, खिडक्या लावल्या. उदबत्ती लावून खोलीत धूर केला, ती विझवून बाहेर नेली आणि हवा सगळीकडे सारखी व्हावी म्हणून छताचा पंखा हळू चालू ठेवला. मीटर पलंगाच्या उशाशी. प्युरिफायर बंद ठेवून बघितलं तर आकडा निम्मा व्हायला तास लागला. खिडकीच्या फटींतून हवा बदलते, थोडे कण खाली बसतात, त्यामुळे काहीही न करता एवढं होतंच. मग परत धूर केला आणि यंत्र मधल्या वेगावर लावलं. आकडा निम्मा झाला सात मिनिटांत.

या दोन वेळांतून सीएडीआर निघतो. खोलीचे घनमीटर गुणिले ४२ भागिले निम्मं व्हायला लागलेली मिनिटं. ४२ कुठून आले? दर ठरावीक वेळाला निम्मं होण्याच्या गणितात २ चा नैसर्गिक लॉगरिदम येतो, ०.६९३, आणि तासाची साठ मिनिटं धरून त्याचे जवळजवळ ४२ होतात. तर ३० गुणिले ४२ भागिले ७ म्हणजे १८०. त्यातून यंत्राशिवायचे ३० गुणिले ४२ भागिले ६०, म्हणजे २१, वजा केले. उरले सुमारे १६०. मधल्या वेगावर, झोपण्याजोग्या आवाजात, आम्हाला हवे होते १५०. जमलं. हा निम्मं व्हायचा वेळ वहीत लिहून ठेवायचा, कारण पुढे फिल्टर कधी बदलायचा हे तोच सांगणार.

जागा कुठली हाही प्रश्न असतो. पडद्यामागे, कपाट आणि पलंगाच्या सांदीत यंत्र कोंबलं तर ते स्वतःचीच हवा परत परत पितं. सगळ्या बाजूंनी फूटभर मोकळं आणि डोक्याजवळ असलं की पुरे. किचनमध्ये तर मुळीच नको. फोडणीचा तेलकट धूर फिल्टरच्या तंतूंवर बसला की त्यांच्यावर मुद्दाम दिलेला विद्युतभार मरतो. तो भारच बारीक कण ओढून घेत असतो. तो गेला की फिल्टर दिसायला पांढरा, हवाही जोरात येते, पण कण पकडले जात नाहीत. धूप, दसांग, कापूर रोज यंत्रासमोरच लावला तरी हळूहळू तेच होतं. हेपा फिल्टर धुतल्यानेही खराब होतो. धुवायची ती फक्त पुढची जाळी, दर पंधरा दिवसांनी, पूर्ण वाळवून. ताईने जाळीसोबत हेपाही नळाखाली धरायची तयारी केली होती, म्हणून हे लिहून टाकलं.

खिडकीचं काय करायचं यावर घरात वाद झालाच. दाजींचं म्हणणं, "बंद खोलीत जीव घुसमटतो." ते चूक नाहीत. दोन माणसं रात्रभर बंद खोलीत झोपली तर सकाळी कार्बन डायऑक्साइड चांगलाच वाढलेला असतो आणि प्युरिफायर त्याला हातही लावत नाही. पण गणित बघा. बाहेर पीएम २.५ शंभर असेल आणि बंद खिडक्यांच्या फटींतून तासाला एकदा हवा बदलत असेल, तर तासाला पाच वेळा गाळणाऱ्या यंत्रापुढे आत साधारण सतरा राहतात, शंभराला सहाने भागून. भारताच्या मानकात चोवीस तासांच्या सरासरीला साठ चालतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीत पंधरा. म्हणजे हे सतरा बरेच बरे. खिडकी सताड उघडली आणि हवा तासाला आठ वेळा बदलू लागली की आत साठच्या वर जातात. यंत्र मग रस्ताच गाळत बसतं.

मार्ग वेळेत आहे. हिवाळ्यात रात्री जमीन थंड पडते, तिच्यावर गार हवेचा थर बसतो आणि धूर त्या थरातच कोंडतो. म्हणून पहाटे आणि सकाळी आकडे सर्वात वाईट. ऊन चढलं की हवा वर उठते, मिसळते आणि दुपारी एक ते चारच्या दरम्यान बाहेर बहुधा सर्वात स्वच्छ असतं. तेव्हा खिडक्या उघडायच्या, संध्याकाळी लावायच्या. रात्री हॉलकडचं दार बोटभर उघडं ठेवलं तर घुसमट बरीच कमी होते.

ताईने मधेच विचारलं, "उन्हाळ्यात हे गावी न्यावं का?" पत्र्याच्या, झरोक्यांच्या घरात न्यायला काहीच हरकत नाही, उपयोगही काही नाही. तिथे तासाला दहा वेळा हवा बदलते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारी हळद शिजवायच्या कढया लागल्या तर त्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला बसणं हेच खरं औषध. स्लॅबच्या घरात एक खोली घट्ट बंद करता येत असेल तर गोष्ट वेगळी.

राहिला खर्च. लोक विजेची काळजी करतात आणि फिल्टरची किंमत विचारायचं विसरतात. भाच्याच्या यंत्राला मधल्या वेगावर, सुरुवातीची अर्धा तासाची फुल्ल धाव धरून, सरासरी तीस वॅट लागतात. रोज दहा तास म्हणजे ०.३ युनिट, महिन्याला नऊ. युनिटला अकरा रुपये धरले तर शंभर रुपये. पावसाळ्यात पाऊसच हवा धुतो, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च एवढंच चालवायचं, वर्षाला सहाशे. फिल्टरची किंमत मात्र २८०० रुपये. दर वर्षी बदलला तर विजेच्या साडेचार पट.

पाच वर्षांचा हिशोब असा. लहान यंत्र सहा हजारांचं, चार वेळा दोन हजारांचा फिल्टर, वीज तीन हजार, एकूण १७,०००. मोठं यंत्र अकरा हजारांचं, फिल्टरचे ११,२०० आणि वीज तितकीच, एकूण २५,२००. फरक महिन्याला १३७ रुपये. त्या १३७ रुपयांत दाजींची रात्र दोनाऐवजी पाच वेळा गाळलेल्या हवेत जाते. खरेदीआधी दोन गोष्टी मुद्दाम बघायच्या: फिल्टर वेगळा विकत मिळतो का, आणि केवढ्याला. यंत्र स्वस्त आणि फिल्टर यंत्राच्या निम्म्या किमतीचा, किंवा मॉडेल बंद होऊन फिल्टरच गायब, असे प्रकार बाजारात कमी नाहीत.

आणि दर वर्षी बदलायलाच हवा असंही नाही. बऱ्याच यंत्रांतला "फिल्टर बदला" हा दिवा नुसतं घड्याळ असतो, तास मोजतो, धूळ नाही. चीनच्या २०१५ च्या मानकात सर्वात वरच्या वर्गाच्या फिल्टरने, क्षमता निम्मी होईपर्यंत, निदान बारा ग्रॅम बारीक धूळ धरावी अशी अट होती. आपल्या खोलीत घनमीटरभर हवेत सतरा मायक्रोग्रॅम, तासाला १६० घनमीटर, रोज दहा तास धरले तर दिवसाला सत्तावीस मिलिग्रॅम होतात, सहा महिन्यांत पाच ग्रॅमच्या आत. जाड धूळ, उदबत्ती, तळण यांचा भार वेगळा, म्हणून हा हिशोब शब्दशः घेऊ नये. पण मार्चअखेर उदबत्तीची परीक्षा परत घ्यावी. निम्मं व्हायला सातऐवजी नऊ-दहा मिनिटं लागत असतील तर वेग थोडा वाढवून फिल्टर आणखी एक हिवाळा काढेल. चौदाच्या पुढे गेला, किंवा यंत्रातून कुबट वास यायला लागला, तर नवा घ्यावा. भाच्याचा यंदा नऊवर आलाय. जून लागायच्या आत तो काढून, कोरडा असल्याची खात्री करून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून कपाटात ठेवायला सांगितलंय. पुण्याच्या पावसात उघडा राहिलेला फिल्टर ओल धरतो, त्यावर बुरशी येते आणि ऑक्टोबरमध्ये यंत्र लावलं की तीच खोलीभर पसरते.